हशाची मोजणी (लेखांक 9) : क्रियापदाच्या आधीचा हशा

या लेखांकात कॉलबॅकची, म्हणजे आरंभी बसलेला पंच उत्तरार्धात पुन्हा आणला जातो त्या योजनेची, नोंद कशी करावी हे यावयाचे होते. परंतु राजारामपुरीतील एका वाचकाच्या प्रश्नामुळे त्याआधीच सोडवावी अशी एक अडचण पुढे आली असल्याने तो विषय एका आठवड्याने लांबणीवर टाकणे योग्य ठरते. या वाचकाने एका मराठी स्टँडअपच्या ध्वनिमुद्रणावर सेट-अप, पंचलाइन आणि हशा यांच्या खुणा केल्या, प्रत्येक पंचलाइनच्या शेवटापासून हशाच्या आरंभापर्यंतचे अंतर काढले आणि अनेक ठिकाणी उत्तर ऋण आले, म्हणजे वाक्य पूर्ण होण्याआधीच प्रेक्षक हसल्याचे दिसले. खुणा चुकल्या असे समजावे, की प्रेक्षकांना विनोद आधीच ठाऊक होता असे समजावे, असा त्याचा प्रश्न आहे. या दोन्ही गोष्टी कधीकधी घडतात, पण ऋण अंतराचे नेहमीचे कारण त्यांत नसून मराठी वाक्याच्या घडणीत आहे, आणि या विषयावरील बहुतेक लेखन इंग्रजी विनोदावर बेतलेले असल्यामुळे त्यात ते सापडत नाही.

इंग्रजीत विनोद लिहिणाऱ्याला पहिला उपदेश केला जातो तो असा, की ज्या शब्दाने उलगडा होतो तो वाक्याच्या अगदी शेवटी ठेवावा, म्हणजे हशा त्या शब्दानंतरच्या मोकळ्या जागेत पडेल आणि पुढचे काही बुडणार नाही. मराठीत सरळ चालणाऱ्या वाक्याचा शेवट क्रियापदाने होतो आणि बोलीत त्याच्याही मागे ‘की’, ‘रं’, ‘म्हणं’ अशी शेपटे येतात. त्यामुळे उलगडा कर्मात किंवा क्रियाविशेषणात असेल, तर तो होऊन गेल्यावरही कलाकाराला एकदोन शब्द बोलावेच लागतात. प्रेक्षक मात्र वाक्य संपण्याची वाट पाहत नाहीत. म्हणून ‘पंचलाइनचा शेवट’ या एका खुणेच्या जागी दोन खुणा कराव्या लागतात: एक वाक्यान्ताची, आणि दुसरी त्या शब्दाच्या शेवटाची, जो ऐकताच आधीच्या सगळ्या मजकुराचा दुसरा अर्थ उभा राहतो. विनोदाचे भाषाशास्त्रीय विश्लेषण करणारे साल्वातोर अत्तार्दो या दुसऱ्या घटकाला ‘डिसजंक्टर’ म्हणतात. या लेखमालेत त्यासाठी ‘उलगड्याचा शब्द’ ही संज्ञा वापरली जाईल.

हा फरक प्रत्यक्ष आकड्यांवर पाहता यावा म्हणून पुढील तुकडा मुद्दाम रचला आहे. त्यातील वेळाही नमुन्यादाखल योजलेल्या असून कोणत्याही प्रत्यक्ष कार्यक्रमातून घेतलेल्या नाहीत.

“राजारामपुरीत पत्ता चुकायचा प्रश्नच न्हाई, गल्ल्यांना नंबर हायेत. पुण्याच्या पाव्हण्याला सांगितलं, आठव्या गल्लीत ये. दोन तास झाले तरी पाव्हणा न्हाई. फोन लावला तर म्हणतोय, अजून तिसरीतच हाय, हितं पत्ता विचारला की पहिलं जेवायलाच बसवालेत रं. म्हटलं, चौथीत तर शिरूच नको. तिथं आमची आत्या ऱ्हाती, पोरगी लग्नाची हाय. जेवून उठलास की सुपारी फोडतील.”

येथे ‘जेवायलाच’ हा पहिल्या पंचमधील उलगड्याचा शब्द आहे, कारण दोन तासांच्या उशिराचे कारण त्यातच कळते आणि ‘बसवालेत रं’ या शब्दांनी माहितीत काही भर पडत नाही. त्यानंतरचे आत्याचे वाक्य म्हणजे टॅग, अर्थात नवा सेट-अप न रचता त्याच पंचवर चढविलेला दुसरा पंच. त्यात उलगडा निराळ्या जागी आहे. जेवणानंतर सुपारी येणे स्वाभाविक असल्यामुळे ‘सुपारी’ या शब्दापर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात पानाचे तबकच असते. ‘फोडतील’ या क्रियापदाने ती लग्न ठरविण्याची सुपारी होते. म्हणजे पहिल्या पंचमध्ये उलगडा क्रियापदाच्या आधी आहे, तर टॅगमध्ये तो क्रियापदातच आहे.

समजा, पहिल्या पंचमध्ये ‘जेवायलाच’ हा शब्द 18.40 सेकंदांवर संपतो, वाक्य 19.25 वर संपते आणि हशा 18.85 वर सुरू होऊन 22.30 पर्यंत टिकतो. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत लेबलांचा पट्टा उघडून, ध्वनीवर हवी ती जागा निवडून `Ctrl+B` दाबल्यास तेथे लेबल लिहिता येते, आणि सर्व लेबले मजकुराच्या फाइलीत काढल्यावर आरंभ, शेवट आणि नाव असे तीन रकाने असलेल्या ओळी मिळतात:

```
18.400000	18.400000	उलगडा
18.850000	22.300000	हशा
19.250000	19.250000	वाक्यान्त
```

वाक्यान्तापासून मोजल्यास अंतर उणे 0.40 सेकंद येते, उलगड्यापासून मोजल्यास अधिक 0.45. टॅगमध्ये ‘फोडतील’ 27.05 वर संपते आणि हशा 27.45 वर येतो, म्हणून तेथे कोणत्याही खुणेपासून मोजले तरी अंतर 0.40 सेकंदच राहते. जुन्या पद्धतीने या दोन पंचांची तुलना केली असती, तर पहिल्यावर प्रेक्षक उतावीळ झाले आणि टॅगवर त्यांना विचार करावा लागला असा निष्कर्ष निघाला असता. नव्या खुणेने पाहिले तर दोन्हीकडे त्यांना जवळजवळ सारखाच वेळ लागला आहे. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात आकडे इतके जुळून येत नाहीत, तरी ऋण अंतरे बहुतांशी नाहीशी होतात. उलगड्यापासून मोजूनही अंतर ऋण राहिले, तरच प्रेक्षकांनी पंच आधी ओळखला असा संशय घ्यावा. याच तुकड्यातील ‘तिसरीतच’ या शब्दावर, शाळेच्या इयत्तेची आठवण होऊन, काही जण हसण्याचा संभव आहे. तो सेट-अपमध्येच पडलेला लहान पंच असून त्याची नोंद स्वतंत्र करावी, कारण त्याचा हशा ‘जेवायलाच’पर्यंत रेंगाळला तर मोठ्या पंचचे अंतर खोटेच ऋण येते.

उलगड्याचा शब्द आवाजावरून ओळखता येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. पंचच्या आधी लांब पॉज असतो आणि पंच ठासून म्हटला जातो, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु ल्यूसी पिकरिंग, अत्तार्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतरांनी सांगितलेल्या विनोदांची ध्वनिमापने घेऊन 2009 मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात पंचलाइन अधिक मोठ्या आवाजात किंवा ठळक पॉजनंतर म्हटली जाते असे आढळले नाही. ते विनोद सांगणारे व्यावसायिक कलाकार नव्हते, म्हणून तो निष्कर्ष रंगमंचाला जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. तरी खूण करणाऱ्याने कान पॉजवर न ठेवता अर्थावर ठेवावा, एवढे त्यावरून निश्चित ठरते. अर्थाबाबत मतभेद झाल्यास एक साधी कसोटी उपलब्ध आहे. फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी 1980 मध्ये शब्दओळखीच्या अभ्यासासाठी वापरलेल्या पद्धतीचा आधार घेऊन, पंचचे वाक्य एकेका शब्दानंतर कापावे, ते तुकडे हा विनोद न ऐकलेल्या चारपाच जणांना क्रमाने ऐकवावे आणि प्रत्येक तुकड्यानंतर ‘पुढे काय?’ एवढेच विचारावे. ‘पहिलं’ या शब्दापर्यंत उत्तरे भलतीकडे जातील आणि ‘जेवायलाच’ ऐकल्यावर बहुतेक जण वाक्य बरोबर पुरे करतील. टॅगमध्ये ‘सुपारी’पर्यंत उत्तर ‘देतील’ असेच येईल. जेथे उत्तरे वळतात तेथे उलगडा.

हशाचा आरंभ नेमका हेरणे याहून कठीण आहे, कारण ऋण अंतराच्या प्रसंगी तो कलाकाराच्या आवाजाखाली दबलेला असतो आणि ध्वनिलहरीच्या चित्रात दिसत नाही. अशा वेळी प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या प्रणालीत वर्णपट, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्येत किती ऊर्जा आहे हे दाखविणारे चित्र, उघडून कलाकाराच्या स्पर्शव्यंजनांकडे पाहावे. प, त, ट, क उच्चारताना तोंडातील वाट क्षणभर पूर्ण बंद होते आणि वर्णपटावर एक उभी कोरी फट उमटते. ती धूसर भरलेली दिसली, तर त्या क्षणी खोलीत हशा चालू होता असे म्हणता येते. ‘बसवालेत’मधील ‘ब’च्या वेळी कंठातील घोष चालू असल्याने फटीच्या तळाशी एक पट्टी राहते, पण तिच्या वरचा भाग कोरा असेल तर हशा अजून आलेला नाही. ‘स’ स्वतःच खरखरता असल्यामुळे त्याच्याखाली काहीच ताडता येत नाही. शेवटच्या ‘त’ची फट भरलेली असेल, तर हशाचा आरंभ ‘ब’ आणि ‘त’ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, आणि त्या मर्यादेत अखेरचा निर्णय कानानेच करावा लागतो.

हा निर्णय फार बारीक करण्याचा अट्टहास मात्र व्यर्थ आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या मापनांनुसार माणसाच्या हसण्यातील प्रत्येक ‘हा’ सुमारे 0.075 सेकंद टिकतो आणि एका ‘हा’च्या आरंभापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत सुमारे 0.21 सेकंद जातात. अशी अनेक हसणी जेथे एकमेकांत मिसळतात, तेथे एकपंचमांश सेकंदाच्या आतील फरकाला अर्थ देऊ नये. त्यापेक्षा दोन जणांनी एकमेकांच्या खुणा न पाहता आखणी करावी आणि दोघांत याहून मोठा फरक पडला तरच ती जागा पुन्हा ऐकावी. पहिल्या एकट्याचे हसणे आणि सभागृहाचा हशा यांच्याही खुणा वेगळ्या ठेवाव्यात. मोबाइल प्रेक्षकांत ठेवून केलेल्या मुद्रणात शेजारच्या खुर्चीतील हसणे साऱ्या सभागृहासारखे मोठे ऐकू येते, तर केवळ कलाकाराच्या हातातील मायक्रोफोनचे मुद्रण असेल तेथे हशा दूरचा आणि उशिरा आल्यासारखा वाटतो. संकलन झालेल्या चित्रफितींतील हशाची लांबी तर मोजूच नये; कापलेला किंवा वाढविलेला हशा ओळखण्याची निश्चित रीत नाही.

म्हणून सरावासाठी नव्या चित्रफितींपेक्षा कथाकथनाची जुनी ध्वनिमुद्रणे अधिक उपयोगी पडतात. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाचे स्वरूप आजच्या स्टँडअपहून निराळे असले आणि त्यात पंचांमधील अंतर मोठे असले, तरी समोरच्या प्रेक्षकांचा हशा, एकटा माणूस, एक आवाज आणि बोलीतली शेपटे असलेली वाक्ये हे सर्व अभ्यासाला लागणारे साहित्य तेथे आहे. पाटलांची ‘धिंड’ ऐकताना विशेषतः एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, ती म्हणजे उलगड्यानंतर उरलेल्या क्रियापदाचे काय होते. अशा जागी मराठी बोलणाऱ्यासमोर तीन वाटा असतात: क्रियापद हशाखाली जाऊ देणे, ते गाळून वाक्य अर्धेच सोडणे, किंवा क्रम उलटवून ‘बसवालेत... जेवायलाच!’ असे म्हणणे. तिसरी वाट आजच्या रंगमंचावर लोकप्रिय आहे, पण तिच्यात धोका आहे, कारण उलटा क्रम ऐकताच पंच येतो आहे हे प्रेक्षकांना कळते आणि उलगड्याची अर्धी किंमत आधीच खर्च होते. पहिली वाट सर्वांत चांगली. बुडालेल्या क्रियापदात काही माहिती नसेल तर नुकसान काहीच होत नाही आणि बोलणे बोलण्यासारखे राहते.

पुढील लेखांकात कॉलबॅकचे अंतर उलगड्याच्या खुणेपासूनच मोजले जाणार असल्याने, ज्या वाचकांनी आतापर्यंत केवळ वाक्यान्ताच्या खुणा केल्या आहेत, त्यांनी आपल्या फाइलींतील निदान पहिल्या दहा पंचांना तोवर ही दुसरी खूण जोडून घ्यावी आणि वाक्यान्ताची जुनी खूण पुसू नये.