गोळ्या घरपोच, पण चिठ्ठी दाखवून

मेडिकलवाल्यांच्या घरपोच सेवेच्या पोस्ट हल्ली रोज नजरेला पडतात आणि बहुतेकींखालचा मजकूर साधारण असा असतो: ‘संपूर्ण पुण्यात फ्री होम डिलिव्हरी! 24 तास सेवा! चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅप करा आणि शुगर-बीपीची चिंता विसरा!’ तीनच वाक्ये, पण प्रत्येक वाक्यात दुकानदार अडकू शकतो. कोथरूडमधले एखादे एकशटरी मेडिकल डोळ्यांपुढे आणू आणि हाच मजकूर त्यांच्यासाठी नव्याने लिहू.

‘संपूर्ण पुणे’ आधी काढायचे. दुकानात डिलिव्हरीचा मुलगा एक, दुचाकी एक. हडपसरहून ऑर्डर आली तर मुलगा दोन-अडीच तास गायब, आणि तोवर पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांच्या गोळ्या काउंटरवर पडून. म्हणून भागांची नावे लिहायची आणि हद्द ओळखीच्या खुणेने सांगायची. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, आणि पौड रस्त्याने चांदणी चौकापर्यंत. ‘जवळपासचा परिसर’ हा शब्द मात्र टाळावा, कारण बावधनवाल्याला बावधनही जवळच वाटते.

वेळेचा प्रश्न जरा खोल आहे. शटर सकाळी आठला उघडते म्हणून डिलिव्हरीही आठपासून, असे होत नाही. औषध नियमावलीतल्या नियम 65 नुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावे लागते. फार्मासिस्ट दहाला येत असेल, तर चिठ्ठी तपासून पिशवी भरण्याचे कामही दहानंतरचेच. शिवाय शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेणार, हे वेगळे लिहायला हवे. ‘रात्री 8 पर्यंत सेवा’ वाचून लोक आठला पाच कमी असताना फोन करतात आणि मग वाद होतो.

आता चिठ्ठी. कर्वेनगरच्या एका बाईंनी सासूबाईंच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचा फोटो पाठवला, असे समजा. स्ट्रिपवर औषधाचे नाव आहे, कंपनी आहे, मात्राही आहे. पण ते औषध शेड्यूल एचमधले असेल, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही अशा यादीतले, तर स्ट्रिप म्हणजे चिठ्ठी नव्हे. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषध किती आणि कसे घ्यायचे, हे सगळे लागते. मग बाई गेल्या वर्षीची चिठ्ठी शोधून पाठवतात. तीही चालत नाही. औषध पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध मिळते. दिल्यावर फार्मासिस्टने त्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव आणि तारीख टाकायची असते, आणि त्यासाठी मूळ कागद हातात हवा. म्हणून मजकुरात दोन पायऱ्या लिहाव्यात: ऑर्डरसाठी फोटो, आणि पिशवी हातात घेताना मूळ चिठ्ठी. टाळेबंदीत, 26 मार्च 2020 रोजी, केंद्र सरकारने घरपोच औषधांना मुभा दिली, तेव्हाही चिठ्ठी सुटली नव्हती. जुनाट आजाराची चिठ्ठी 30 दिवसांच्या आत, तात्पुरत्या आजाराची 7 दिवसांच्या आत दाखवायची आणि माल त्याच महसुली जिल्ह्यात पोचवायचा, अशा अटी होत्या.

राहिले ‘शुगर-बीपीची चिंता विसरा’. दुकानदाराला ही नुसती आपुलकी वाटते. पण 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याला आजारांची यादी जोडलेली आहे. त्यात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हृदयविकार आणि लठ्ठपणाही आहे. या आजारांवर औषध गुणकारी आहे असे सुचवणारी जाहिरात करता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डिलिव्हरीच्या पोस्टला आजाराचे नाव घेण्याची गरजच काय? दुकान औषध पोचवते, बरे करत नाही. ‘निरोगी राहा’, ‘लवकर बरे व्हा’ हेही माझ्या मते गाळावे. कायद्याचा प्रश्न नसला तरी एक ओळ फुकट जाते. फोनवर पोस्टच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचे ‘आणखी’ दाबल्यावर उघडते. त्या ओळींत भाग आणि वेळच हवी.

तर मजकूर असा होईल:

‘औषधे घरपोच: कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, पौड रस्ता (चांदणी चौकापर्यंत). सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते रात्री 8; शेवटची ऑर्डर 7 वाजता. रविवारी डिलिव्हरी बंद. चिठ्ठीवरच्या औषधांसाठी डॉक्टरांच्या चालू चिठ्ठीचा पूर्ण फोटो दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि औषध घेताना मूळ चिठ्ठी दाखवा. रिकाम्या स्ट्रिपवरून ही औषधे मिळणार नाहीत. झोपेच्या व मानसिक आजारांवरच्या गोळ्या घरपोच देत नाही. मूळ चिठ्ठी घेऊन दुकानात यावे. चिठ्ठीचा फोटो या पोस्टखाली टाकू नका.’

शेवटचे वाक्य जादा वाटेल, पण लोक खरोखर तसे करतात, आणि रुग्णाचे नाव, पत्ता, आजार सगळ्या कोथरूडला दिसतो.