राखीव कप्प्यातले दिवस

वाचनालयात एखाद्या पुस्तकाला प्रतींपेक्षा जास्त मागणी आली की प्रतीक्षा यादी ठेवावी लागते. सभासदाची नोंद पुस्तकाच्या नावावर घेतात, ठरावीक प्रतीवर घेत नाहीत. त्यामुळे वाचनालयाकडे दोन प्रती असतील, तर जी आधी परत येईल ती पहिल्या सभासदाला देता येते. नोंदीत तारीख आणि सभासद क्रमांक लिहितात, मोबाइल नंबर बदललेला नाही ना हे तेव्हाच विचारून घेतात. अमुक तारखेनंतर पुस्तक नको असेल, तर तेही लिहून ठेवतात.

यादी किती वेगाने पुढे सरकेल, हे वाचनाच्या मुदतीवर ठरते, तसेच पुस्तक राखीव कप्प्यात किती दिवस पडून राहते यावरही ठरते. समजा, एका गाजलेल्या कादंबरीच्या दोन प्रती आहेत, वाचनाची मुदत 15 दिवसांची आहे आणि यादीत आठ सभासद आहेत. दोन्ही प्रती आज परत आल्या, तर प्रत्येक प्रत चौघांकडे जाईल. आठव्या सभासदाच्या आधी त्याच प्रतीवर तिघे असतील आणि त्यांच्या वाचनाचे 45 दिवस होतील. पुस्तक नेण्यासाठी प्रत्येकाला सात दिवस दिले आणि तिघेही शेवटच्या दिवशी आले, तर त्यात 21 दिवसांची भर पडून प्रतीक्षा 66 दिवसांची होते. तीच मुदत तीन दिवसांची ठेवली, तर ती 54 दिवसांवर येते. एकही नवी प्रत न घेता 12 दिवस वाचतात. मात्र नोकरदार सभासदांना सुटीच्या दिवशीच येणे जमते, म्हणून मुदतीत एक तरी रविवार किंवा सुटीचा दिवस यावा, अशी सोय पाहावी लागते. वाचनालय रविवारी बंद असेल, तर तीन दिवसांची मुदत अनेकांना पुरणार नाही.

पुस्तक परत आले की देवघेव विभागात आधी त्याची यादी पाहतात. ही तपासणी राहिली, तर पुस्तक नेहमीच्या कपाटात जाते आणि यादीत नसलेला वाचक ते घेऊन जातो. यादीत नाव असेल, तर पुस्तकात चिठ्ठी घालून ते राखीव कप्प्यात ठेवतात. चिठ्ठीवर सभासद क्रमांक आणि नेण्याची शेवटची तारीख असते. नाव लिहीत नाहीत, कारण कोण काय वाचतो हे इतरांना दिसण्याची गरज नसते.

पुस्तक कप्प्यात प्रत्यक्ष आल्यानंतरच सभासदाला कळवतात. ‘कोहा’ या मुक्त ग्रंथालय प्रणालीतही पुस्तक परत घेताना कर्मचाऱ्याने राखीव नोंदीला दुजोरा दिला की मगच ते ‘नेण्यासाठी तयार’ ठरते. निरोप असा असावा : ‘आपण राखून ठेवायला सांगितलेली कादंबरी आली आहे. गुरुवार, 14 तारखेच्या संध्याकाळपर्यंत न्यावी. नको असल्यास कळवावे.’ शेवटची तारीख वारासह द्यावी. ‘सात दिवसांत’ असे लिहिले की दिवस कधीपासून मोजायचे, यावरून वाद होतो. कधी, कोणत्या मार्गाने आणि कोणी कळवले, याची नोंद ठेवतात. ज्येष्ठ सभासदांना फोन केलेला बरा. संदेश पोहोचला नसेल, तर मुदत सुरू झाली असे धरता येत नाही.

मुदत संपूनही पुस्तक नेले नाही, तर नोंद रद्द करून ते लगेच पुढच्या सभासदाला द्यावे. इथेच बहुतेक ठिकाणी काम अडते. संगणकात नोंद रद्द होते, पण पुस्तक कप्प्यातच राहते. कप्प्यातली पुस्तके शेवटच्या तारखेच्या क्रमाने लावली आणि रोज सकाळी पहिला कप्पा तपासला, तर उलटून गेलेली तारीख चटकन दिसते. कोहामध्ये `ReservesMaxPickUpDelay` या सेटिंगमध्ये नेण्याची मुदत दिवसांत देतात. मात्र मुदत संपलेली नोंद आपोआप रद्द व्हायची असेल, तर `ExpireReservesMaxPickUpDelay` वेगळे चालू करावे लागते. ते केले नाही, तर पुस्तक कितीही दिवस राखीवच दिसत राहते.

न नेणारे सगळेच बेफिकीर नसतात. कोणी गावी गेलेले असते, कोणाला पुस्तक दुसरीकडे मिळालेले असते, कोणाचा नंबर बदललेला असतो. परगावी जाणाऱ्याला आपली नोंद परत येईपर्यंत थांबवून ठेवायची सोय द्यावी. त्याची जागा कायम राहते आणि पुस्तक त्या काळात पुढच्याकडे जाते. पहिल्यांदा चुकलेल्याला, त्याने विचारल्यास, यादीत पुन्हा शेवटी घ्यावे. वारंवार न नेणाऱ्याला एका वेळी एकच नोंद करू द्यावी. दंडापेक्षा ही मर्यादा बरी, कारण दंड आकारायचा तर संदेश मिळाला होता हे दाखवावे लागते आणि वर्गणीच्या मानाने दंड मोठा झाला की सभासद सोडून जातो.

एवढे करूनही यादी वाढतच राहिली, तर मागणी असलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून देणे थांबवतात आणि तरीही प्रत्येक प्रतीमागे चार-पाच सभासद ताटकळत असतील, तर आणखी एक प्रत घेतात. वरच्या उदाहरणात तिसरी प्रत आली, तर आठव्या सभासदाच्या आधी प्रत्येक प्रतीवर दोघेच उरतात आणि वाचनाचे 45 दिवस 30 होतात.