वेग शंभरचा, तरी खेळ मागेच!

प्रतिनिधी

मोटारशर्यत ऐन रंगात आलेली असते. समोर वळण दिसते, खेळणारा हातातील कंट्रोलरची दांडी डावीकडे ओढतो आणि पडद्यावरची गाडी क्षणभर सरळच जात राहते. ती वळते तेव्हा रस्ता संपलेला असतो. त्यातच गाडीने वेग घेतला की कडेची झाडे, फलक आणि डांबर यांचा एकच चिखल होतो. घरात १०० एमबीपीएसचे ब्रॉडबॅण्ड आहे, त्याच टीव्हीवर चित्रपट मात्र काचेसारखा स्वच्छ दिसतो. मग कुटुंबात पहिला विचार येतो तो २०० किंवा ३०० एमबीपीएसची योजना घेण्याचा, आणि दुसरा टीव्हीच बदलण्याचा. बहुतेक घरांत हे दोन्ही खर्च व्यर्थ जातात, कारण दोष वेगात नसून वाटेत असतो.

क्लाऊड गेमिंगमध्ये खेळ घरातील यंत्रावर चालत नाही. तो दूरच्या डेटा सेंटरमधील संगणकावर चालतो आणि त्याचे चित्र तेवढे टीव्हीपर्यंत येते. मायक्रोसॉफ्टची ‘एक्सबॉक्स क्लाऊड गेमिंग’ ही सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झाली. कन्सोल विकत न घेता टीव्हीवर मोठे खेळ खेळण्याची सोय तिच्यामुळे झाली आणि तिच्याबरोबरच वरील तक्रारही घरोघरी आली.

चित्रपटाला सवड, खेळाला नाही

चित्रपट पाहताना टीव्ही पुढच्या कित्येक सेकंदांचे चित्र आधीच मागवून साठवून ठेवतो. मध्येच वाय-फाय अडखळले तरी साठा पुरतो आणि प्रेक्षकाला काहीही कळत नाही. खेळाच्या बाबतीत असा साठा करताच येत नाही. खेळणारा पुढच्या क्षणी कोणते बटण दाबणार हे कोणालाच ठाऊक नसते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवायला बहुधा वेळच उरत नाही. मग त्या तुकड्याविनाच चित्र उभे राहते आणि पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसतात.

म्हणूनच चित्र धूसर दिसणे आणि खेळ मागे पडणे या दोन स्वतंत्र तक्रारी समजाव्या लागतात. धूसरपणा येतो तो मुख्यत्वे प्रति सेकंद मिळणारी माहिती अपुरी पडल्याने, किंवा ती वाटेत गळाल्याने. विलंब हा मात्र फेरीला लागलेला वेळ असतो. बटणाची खूण कंट्रोलरकडून टीव्हीकडे, तेथून राऊटरकडे, पुढे डेटा सेंटरकडे जाते. तेथे नवे चित्र तयार होते, दाबून लहान केले जाते, परत येते, टीव्हीत उलगडले जाते आणि शेवटी पडद्यावर उमटते. रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही, तद्वत एमबीपीएस वाढवल्याने ही फेरी आखूड होत नाही.

मुळात लागणारा वेगही फार नसतो. एनव्हिडिया कंपनी आपल्या ‘जीफोर्स नाऊ’ सेवेसाठी १०८० रेषांच्या चित्राला २५ एमबीपीएस आणि ४के चित्राला ४५ एमबीपीएस पुरेसे मानते. तीच कंपनी डेटा सेंटरपर्यंतची फेरी ८० मिलिसेकंदांच्या आत असण्याची अट घालते आणि ४० च्या आत असल्यास उत्तम असे सांगते. या दोन आकड्यांपैकी घरात सहसा पहिलाच तपासला जातो.

दोष घरात की बाहेर?

उदाहरणादाखल एका दोन बेडरूमच्या सदनिकेचा विचार करता येईल. राऊटर दिवाणखान्यात, टीव्ही दोन भिंतींपलीकडच्या खोलीत. राऊटरशेजारी उभे राहून मोबाइलवर वेग मोजला तर ९० च्या पुढे आकडा येतो आणि घरचे निर्धास्त होतात. परंतु मोजणी व्हायला हवी ती टीव्हीच्या जागी, आणि तीही वेगाची नव्हे तर फेरीच्या वेळेची. त्यासाठी लॅपटॉप टीव्हीजवळ ठेवून, टीव्ही ज्या वाय-फायवर आहे त्यावरच जोडून विण्डोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील दोन आज्ञा एकापाठोपाठ द्याव्यात. पहिलीतील क्रमांक राऊटरच्या तळाशी छापलेल्या पत्त्याप्रमाणे बदलावा.

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली आज्ञा केवळ घरातील वाट मोजते, दुसरी घराबाहेरची. राऊटरकडून येणारी उत्तरे २ ते ५ मिलिसेकंदांत आणि सातत्याने येत असतील तर घरातील वाट ठीक आहे. या सदनिकेत मात्र बहुतेक उत्तरे ५ मध्ये येतात आणि दर काही उत्तरांनंतर एखादे ६० किंवा ९० वर उडी घेते, एखादे येतच नाही. सरासरी पाहिली तर ती चांगलीच दिसते. खेळ बिघडवतात त्या या उड्या. पहिल्याच आज्ञेत त्या दिसल्या याचा अर्थ इंटरनेट कंपनीला दूरध्वनी करण्याचे कारण नाही.

एकाच लहरींवर दोन ओझी

उड्यांचे मूळ बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सापडते. वाय-फायचा हा पट्टा भिंती सहज ओलांडतो, म्हणून दूरच्या खोलीतील टीव्ही तोच पकडतो. शेजारच्या सर्व सदनिकांचे राऊटरही तेथेच गर्दी करतात. शिवाय कंट्रोलरचे ब्लूटूथ याच पट्ट्यात चालते. अनेक टीव्हींमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ यांची चिप एकच असते, त्यामुळे तिला दोघांना आळीपाळीने वेळ द्यावा लागतो. चित्र येत असताना बटणाची खूण थांबते आणि खूण येत असताना चित्र. त्यातच ब्लूटूथ हेडफोन जोडला तर तिसरा भागीदार येतो, आणि आवाजही उशिरा ऐकू येऊन खेळ आहे त्याहून अधिक रेंगाळल्यासारखा भासतो.

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे राऊटरपासून टीव्हीपर्यंत इथरनेटची केबल. टीव्हीचे इथरनेट पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचेच असते आणि म्हणून अनेक जण ते वाय-फायपेक्षा कमी दर्जाचे मानतात. परंतु खेळाला २५ किंवा ४५ एमबीपीएस पुरत असताना या पोर्टची मर्यादा आड येत नाही. केबल लावल्यावर राऊटरची फेरी एका मिलिसेकंदाच्या आत येते आणि तेथेच स्थिर राहते. ब्लूटूथलाही आपला पट्टा मोकळा मिळतो.

केबल टाकणे शक्य नसेल तर राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडून त्याची २.४ ची नोंद पुसून टाकावी. अन्यथा टीव्ही संधी मिळताच जुन्या पट्ट्यावर परततो. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत लवकर क्षीण होते. दोन भिंतींपलीकडे ती पोहोचत नसेल तर राऊटर मधल्या जागी, कपाटाबाहेर आणि उंचावर आणावा लागतो.

रात्री नऊचे कोडे

सदनिकेत केबल आली, दिवसा खेळ सुरळीत झाला. रात्री नऊनंतर मात्र पुन्हा तेच. पहिली आज्ञा अजूनही एक मिलिसेकंद दाखवते, पण दुसरीचे आकडे १५ वरून १५० ते २०० पर्यंत चढतात. बाहेरच्या जाळ्यात गर्दी असू शकते; पण त्याआधी घरातील मोबाइल पाहावेत. चार्जिंगला लावलेला फोन त्याच वेळी दिवसभरातील छायाचित्रे आणि व्हिडिओ क्लाऊडवर चढवू लागतो. त्या माहितीची राऊटरमध्ये रांग लागते आणि बटणाची इवलीशी खूण त्या रांगेच्या शेपटाला उभी राहते.

खात्री करणे सोपे आहे. मोजणी चालू ठेवून सर्व फोनचे वाय-फाय बंद करावे. आकडे लगेच उतरले तर कारण सापडले. राऊटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ची सोय असल्यास अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी, म्हणजे रांग साचत नाही. इंटरनेट कंपनीने दिलेल्या अनेक राऊटरमध्ये ही सोय नसते. तेव्हा छायाचित्रांचा बॅकअप खेळाच्या वेळी थांबवणे हाच मार्ग उरतो.

टीव्ही आणि कंट्रोलरची बाजू

जाळे निर्दोष असूनही विलंब उरला तर खेळातून बाहेर पडून टीव्हीचा स्वतःचा मेनू कंट्रोलरने फिरवून पाहावा. तेथेही निवड उशिरा सरकत असेल तर इंटरनेटचा संबंध नाही. काही टीव्ही यूएसबी केबलने जोडलेला कंट्रोलर स्वीकारतात. केबलने फरक पडला तर दोष ब्लूटूथचा. कंट्रोलरचे फर्मवेअर संगणकावरून अद्ययावत करावे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसाठी ते काम ‘एक्सबॉक्स अॅक्सेसरीज’ या अॅपने होते.

टीव्ही चित्राला उजळवण्यासाठी आणि हालचाल गुळगुळीत दाखवण्यासाठी काही चित्रे थोपवून धरतो. या प्रक्रियेत अनेक संचांवर १०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. ‘गेम मोड’ लावल्यावर तोच विलंब साधारण १० ते २० वर येतो. डेटा सेंटरपर्यंतची संपूर्ण फेरी ३० मिलिसेकंदांत होत असेल, तर त्यापुढे ही बचत मोठीच म्हणावी लागेल. मात्र गेम मोड अनेक संचांवर प्रत्येक इनपुटसाठी वेगळा असतो. एचडीएमआयसाठी लावलेला मोड टीव्हीतील अॅपला लागू झाला असेलच असे नाही, म्हणून खेळ चालू असतानाच तो तपासावा.

गाडी उशिराने, पण एकदम वळत असेल तर खेळाच्या सेटिंगमधील ‘डेड झोन’ पाहावा. दांडी मध्यापासून किती सरकेपर्यंत दुर्लक्ष करायचे ते त्यात ठरते. ते मूल्य मोठे असले की सुरुवातीची हालचाल वाया जाते आणि खेळणाऱ्याला तो विलंब वाटतो. दांडी सोडल्यावर गाडी आपोआप सरकू लागत नाही, इतपत ते कमी करावे.

धूसरपणाची परीक्षा

गाडी थांबली की चित्र स्वच्छ आणि धावली की चिखल, असे होत असेल तर प्रति सेकंद मिळणारी माहिती कमी पडते आहे. सेवेच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा डेटा वाचवण्याच्या पर्यायावर राहिला नाही ना, हे पाहावे. त्याचबरोबर खेळातील ‘फिल्म ग्रेन’ आणि ‘मोशन ब्लर’ बंद करावेत. फिल्म ग्रेनचे कण प्रत्येक चित्रात बदलतात. ते पाठवण्यात इतकी माहिती खर्ची पडते की झाडे-फलकांसाठी फारशी उरत नाही.

थांबल्यावरही चित्र मऊच दिसत असेल तर सेवा कमी रेषांचे चित्र पाठवते आहे आणि ४के टीव्ही ते ताणून दाखवतो आहे. सेवेने वा योजनेने घातलेली मर्यादा घरातील कोणत्याही सेटिंगने ओलांडता येत नाही. दर्जा वाढवताना खर्चाचेही भान हवे. २० एमबीपीएसचे चित्र तासाला ९ जीबी डेटा घेते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा.

अंतराला उपाय नाही

काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याला ३९ मिलिसेकंद. प्रत्यक्ष केबलचा मार्ग त्याहून लांब असतो. म्हणून सर्व्हर निवडण्याची सोय असेल तेथे जवळचाच निवडावा. केबल, बॅकअप, गेम मोड आणि डेड झोन हे चारही तपासून झाल्यावर जो विलंब उरतो तो अंतराचा आणि सेवेचा. शर्यत किंवा फुटबॉल त्यात खेळता येतो. एकेका चित्राच्या अचूकतेवर निकाल लागणाऱ्या कुस्ती-मारामारीच्या खेळांत मात्र घरातील कन्सोललाच अजून पर्याय नाही.