सुरतच्या खरेदीसाठी गुजराती : रोज पाच कार्डांचा हिशेब

मलकापूर, खामगाव, नांदुरा येथील कापड दुकानदारांना सुरतची बाजारपेठ नवी नाही. भुसावळ-जळगावमार्गे नंदुरबारच्या लाइनने गाडी थेट सुरतला जाते. तेथे हिंदीवर काम निभते. पण दोन दलाल आपसांत भाव बोलू लागले की आपला माणूस फक्त तोंडाकडे पाहत राहतो. गुजराती आपल्याला अर्धी समजल्यासारखी वाटते, आणि नुकसान याच अर्धवट समजण्यात आहे.

एकच उदाहरण घ्या. मराठीत सत्तर म्हणजे ७०. गुजरातीत सत्तर म्हणजे १७. ७० ला ते सित्तेर म्हणतात. दलाल 'एकसो सत्तर' म्हणाला तर भाव ११७ रुपये मीटर आहे, १७० नव्हे. शंभर मीटरमागे फरक ५,३०० रुपयांचा. तसेच 'काले'. आपल्या कानाला तो 'काल' वाटतो, पण गुजरातीत तो शब्द कालसाठीही येतो आणि उद्यासाठीही. 'माल काले आवशे' म्हणजे माल उद्या येईल. वेळ 'आवशे' या क्रियापदावरून कळते.

हे शिकण्यासाठी अँकीड्रॉइड हे मोफत अ‍ॅप उपयोगी आहे. ते अँड्रॉइड फोनवर चालते. यात तयार धड्यांऐवजी आपण स्वतः कार्डे करतो. कार्डाच्या पुढे गुजराती शब्द देवनागरीत लिहावा, मागे मराठी अर्थ. कार्डावर आवाजही भरता येतो. ओळखीच्या गुजराती व्यापाऱ्याकडून अकरा ते शंभरचे आकडे, दोढ (दीड), अढी (अडीच) आणि भावाची दहा-बारा वाक्ये बोलवून घ्यावीत. पुढच्या बाजूस केवळ आवाज ठेवल्यास उत्तम, कारण बाजारात शब्द वाचायचा नसून ऐकायचा आहे.

आता रोजचे उद्दिष्ट. अ‍ॅपमध्ये New cards/day या जागी मुळात २० हा आकडा असतो. नवख्याने तो ५ करावा. कारण असे की कार्ड एकदा पाहून संपत नाही. आठवले नाही तर Again दाबावे, ते मिनिटभरात परत येते. आठवले तर Good दाबावे, ते आधी दहा मिनिटांनी, मग दुसऱ्या दिवशी, पुढे वाढत्या अंतराने येते. साधारण अंदाज असा की रोज जितकी नवी कार्डे, त्याच्या सात ते दहा पट उजळणी काही आठवड्यांत रोज समोर उभी राहते. पाच नव्या कार्डांना ३५ ते ५० उजळण्या होतात, म्हणजे आठ-दहा मिनिटे. वीस ठेवल्यास दोनशेपर्यंत जातात, आणि दुकानदार पंधरा दिवसांत अ‍ॅप बंद करतो. पाचच्या हिशेबाने महिन्यात दीडशे कार्डे होतात. खरेदीपुरते तेवढे पुष्कळ आहे.

लग्नसराईत चार दिवस चुकले तर उजळणीचा ढीग साचतो. अशा वेळी नव्या कार्डांचा आकडा ० करावा, ढीग उपसावा, मग परत ५ करावा. बाकी उजळणी रोज वाढतच चालली असेल तर उद्दिष्ट आपल्या वेळेला जड आहे असे समजावे.

आठवण करून देणारी सूचना अ‍ॅपमधून मिळू शकते. पण बॅटरी वाचवण्याच्या नादात पुष्कळ फोन अशा सूचना अडवतात. म्हणून घड्याळाचा रोजचा गजरच लावावा. वेळ दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक येण्याआधीची असावी; रात्री हिशेबानंतर डोके थकलेले असते.

इंटरनेटची गरज अ‍ॅप उतरवून घेताना लागते. कार्डे आणि आवाज फोनमध्येच राहतात, त्यामुळे रेल्वेत किंवा सातपुड्याच्या पायथ्याला रेंज नसली तरी काम चालते. इतर कोणतेही अ‍ॅप घेतल्यास प्रवासाच्या आदल्या रात्री फोन विमान-मोडवर टाकून धडा उघडून पाहावा. काही अ‍ॅप ही सोय फक्त पैसे भरणाऱ्यांनाच देतात. मात्र फोन हरवला तर कार्डेही जातात. म्हणून मोफत खाते काढून आठवड्यातून एकदा Sync करावे.

शेवटची चूक सर्वांत जास्त होते. शब्द मराठीसारखा दिसला की माणूस मनात 'कळले' म्हणतो आणि Good दाबतो. अर्थ मोठ्याने बोलावा, मगच कार्ड उलटावे. 'सत्तर' ऐकून तोंडातून 'सतरा' निघाले, तर ते कार्ड पक्के झाले. 'सत्तर' निघाले तर Again दाबावे. ही चूक फोनवर फुकट आहे, सुरतेत नाही. आणि भाव पक्का करताना, कितीही गुजराती आली तरी, आकडा कागदावर लिहूनच घ्यावा.