नोटेवरचं वचन नेमकं कशाचं?

पाकिटात शंभराची नोट असेल तर काढा बाहेर. फक्त यूपीआयवर जगत असाल तर शेजारच्याकडून मागून घ्या. तिच्यावर गव्हर्नरच्या सहीजवळ लिहिलंय, ‘मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ’.

आता गंमत बघा. ही नोट घेऊन तुम्ही रिझर्व्ह बँकेत गेलात आणि म्हणालात, “पाळा वचन, द्या माझे शंभर रुपये,” तर काय मिळेल? पन्नासच्या दोन नोटा, नाहीतर नाणी. म्हणजे रुपयांच्या बदल्यात पुन्हा रुपयेच! सोनं मागितलंत तर कुणी देणार नाही. बँकेकडे सोनं असतं, कायद्याने 115 कोटींचं तरी ठेवावंच लागतं. पण चलनात नोटा आहेत 30 लाख कोटींहून जास्त, आणि त्या देऊन सोनं मागायचा हक्क कुणालाच नाही.

मग वचन कसलं? तर नोटेवरच वर लिहिलेलं असतं, ‘केन्द्रीय सरकार द्वारा प्रत्याभूत’. म्हणजे केंद्र सरकारची हमी. सरकार म्हणतं, ही नोट देशात कुठेही पैसे म्हणून चालेल. अशा पैशाला फियाट मनी म्हणतात. आदेशावर चालणारा पैसा, दुसरं काही नाही.

हमी गेली की काय होतं, ते आपण पाहिलंय. 8 नोव्हेंबर 2016, रात्री आठ वाजता घोषणा झाली, आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या जुन्या नोटा रद्द. कागद तोच, शाई तीच, गांधीजी तेच. पण दुसऱ्या दिवशी किराणावाला त्या घेईना. पेट्रोल पंप, हॉस्पिटल अशा काही ठिकाणी थोडे दिवस चालल्या, कारण तिथे घ्यायला सरकारनेच परवानगी दिली होती. त्यांची किंमत कागदात नव्हती, हे त्या आठवड्यात रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.

पण थांबा, नुसता आदेशही पुरत नाही बरं का. झिंबाब्वेत उलटं झालं. सरकार म्हणत होतं नोट चालेल, आणि खर्च भागवायला छापत सुटलं होतं. नोटा वाढल्या, दुकानातला माल मात्र तेवढाच किंवा त्याहून कमी, म्हणून भाव भडकले. पगार हातात आला की लोक लगेच खर्च करून टाकत, कारण उद्या त्यात कमी येणार. जानेवारी 2009 मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट आली, एकावर चौदा शून्यं! तोवर लोक आपसात अमेरिकन डॉलरवर व्यवहार करू लागले होते. काही महिन्यांतच सरकारने स्वतःच्या डॉलरचा वापर थांबवला.

तिथे नोट कुणी रद्द केली नव्हती. घेणाऱ्यांनीच ती घेणं सोडलं होतं.