अनामत कशाची, कपात कशाची

लग्नसराईत तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही डेकोरेटर्सच्या दुकानात सकाळी अकराच्या सुमारास डोकावलं, तर दोन प्रकारची गिऱ्हाईकं दिसतात. एक जण आजच्या कार्यासाठी टेम्पो भरून घेत असतो आणि दुसरा कालच्या कार्याचं सामान उतरवत असतो. आवाज चढतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्याचा. ‘आम्ही मोजून परत केलंय’ असं तो म्हणतो, ‘मोजून नेलं होतं का?’ असं दुकानदार विचारतो, आणि अनामतीची रक्कम गल्ल्यातच अडकून राहते. विदर्भात या दुकानांना बिछायत केंद्र म्हणतात, इतरत्र मंडप डेकोरेटर्स म्हणतात, पण भांडण सगळीकडे हेच असतं. ते परत देताना होत असलं, तरी त्याचं मूळ सामान नेतानाच्या यादीत असतं.

खरा घोळ भांड्यांचा होतो. मंडप बांधायला आणि सोडायला दुकानाचीच माणसं येतात, साउंडबरोबर ऑपरेटर असतो. भांडी मात्र एकदा टेम्पोतून उतरली की आचारी, वाढपी, भांडीवाल्या बाया, भावकीतली मुलं अशा वीसेक हातांतून फिरतात. शिवाय कार्यघरी घरची भांडी असतात, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली असतात, आचाऱ्याची स्वतःची असतात. स्टीलचं ताट सगळीकडे सारखंच दिसतं. म्हणून जाणता दुकानदार नवीन भांडी घेतो तेव्हाच प्रत्येकावर नाव घालून घेतो. ताटाच्या काठावर, वाटीच्या बुडाशी, चमच्याच्या दांड्यावर दोन अक्षरं असली तरी पुरतं. पितळेच्या मोठ्या पातेल्यांवर नावाबरोबर वजनही कोरलेलं असतं. भांडी वजनावर विकली जातात, त्यामुळे तीन किलो कमी भरणारं पातेलं बदलून आलं, तर ते काट्यावर लगेच कळतं.

यादी करताना बहुतेक दुकानांत फक्त नग लिहितात. तिथेच चूक होते. ‘पातेली ४, झाकणं ४, परात २, खुर्च्या १००’ एवढं लिहिलेलं पुरेसं नसतं, वस्तू कोणत्या स्थितीत गेली तेही लिहावं लागतं. एका पातेल्याला बुडाशी आधीच पोचा आहे, एका खुर्चीच्या मागच्या पायाला तडा आहे, पिंपाची तोटी थेंब थेंब गळते, या तीन ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात. त्या नसल्या, की आधीचं नुकसान शेवटच्या गिऱ्हाइकाच्या माथी बसतं. यादीत तिसरी गोष्ट हवी ती भरपाईच्या दराची. ताट हरवलं तर किती आणि चमचा हरवला तर किती, हे कार्याच्या आधी ठरलेलं असलं की त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. कार्य झाल्यावर तोच आकडा सांगितला, तर तो लुटीचा वाटतो.

आता एक हिशेब पाहू. आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, दर गावोगावी वेगळे असतात. बारशाला दीडशे पानं होणार आहेत. जास्तीचे धरून १६० ताटं, ३२० वाट्या, १६० पेले आणि १६० चमचे नेले. या संचाचं भाडं दहा रुपयांप्रमाणे १,६०० रुपये झालं, स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्यांचे ९०० आणि शंभर खुर्च्यांचे ८०० धरले. एकूण भाडं ३,३०० आणि अनामत ३,००० रुपये.

ही अनामत कशावरून ठरते? सामानाची पूर्ण किंमत धरली तर ती गिऱ्हाइकाला झेपणार नाही, आणि शंभर-दोनशे रुपये घेतले तर सामान वेळेवर परत करायची घाई कुणाला राहणार नाही. मुरलेला दुकानदार असा विचार करतो की शंभर खुर्च्या कुणी पळवून नेणार नाही, हरवणार ते चमचे, वाट्या, थोडी ताटं, आणि मोडणार त्या एक-दोन खुर्च्या. एवढ्याची भरपाई निघून वर थोडं उरेल, इतकी अनामत पुरते.

दुसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. ताटं वीस-वीसच्या थप्प्या लावून मोजली, तर १५७ भरली. काठावर बोट फिरवत नावं पाहिली, तेव्हा त्यातली दोन दुसऱ्याच दुकानाची निघाली. म्हणजे आपली १५५, पाच कमी. वाट्या ३११, म्हणजे नऊ कमी. पेले पूर्ण होते. चमचे १४१ निघाले, म्हणजे एकोणीस गेले. एका पातेल्याला नवा पोचा पडला होता आणि दोन खुर्च्या मोडल्या होत्या.

यादीतल्या दराने ताटाचे ९०, वाटीचे २५ आणि चमच्याचे १२ रुपये धरले, तर हरवलेल्याचे ४५०, २२५ आणि २२८ मिळून ९०३ रुपये होतात. पातेलं फुटलेलं नाही, तांबटाकडून ठोकून घेतलं की बूड सरळ होईल, म्हणून तिथे पातेल्याची किंमत न लावता ठोकणावळीचे १५० लावायचे. खुर्च्यांपैकी एकीचा तडा यादीत आधीच लिहिलेला होता, तिचा पैसा घेता येत नाही. दुसरी नवी ३५० ला येते, पण ती तीन वर्षं उन्हापावसात वापरलेली होती, म्हणून निम्मे १७५ धरले. एकूण कपात १,२२८ रुपये, आणि १,७७२ रुपये तिथल्या तिथे परत.

यानंतर आठ दिवसांची मुदत द्यावी, असं माझं ठाम मत आहे. कार्यघरी पाहुणे गेल्यावर आवराआवर होते, तेव्हा घरच्या मांडणीत तीन ताटं सापडतात, शेजारणीकडे लाडू पाठवलेल्या डब्याखाली चमचे निघतात. या घरी तीन ताटं आणि अकरा चमचे सापडले, त्यांचे ४०२ रुपये परत गेले आणि शेवटी कपात ८२६ रुपयांची राहिली. सामान मिळालं की दुकानदाराला पैशांपेक्षा ते बरं पडतं, कारण तुटका संच पुन्हा जुळवायला तसंच ताट बाजारात मिळेलच असं नसतं.

चमचे एवढे का हरवतात, हे पाहायचं असेल तर पंगत उठल्यावर खरकट्याच्या टोपाजवळ उभं राहावं. ताट एका हाताने तिरकं होतं, दुसरा हात उरलंसुरलं खाली लोटतो आणि भातात रुतलेला चमचा त्याच्याबरोबर जातो. टोप भरला की थेट उकिरड्यावर. तिथे एका माणसाला फक्त चमचे वेचायला बसवलं, तर एकोणीसचे चार-पाचवर येतात. चुलीवर स्वयंपाक असेल तर पातेल्याच्या बुडाला बाहेरून मातीचा लेप द्यायची जुनी रीत आहे. तिच्यामुळे काजळी भांड्याला चिकटत नाही आणि घासणावळीची वेगळी कपात वाचते.

एक बाब अनामतीच्या पलीकडची आहे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असेल आणि त्यात चिंचेचं सार किंवा ताकाची कढी केली, तर आंबटाने धातू सुटून पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्यांना त्रास होतो. म्हणून पातेलं नेताना आतून पाहावं. पांढरी झाक जाऊन पिवळा धातू दिसत असेल तर ते घेऊ नये. खुर्ची उलटी करून पाय आणि बैठकीचा सांधा बघावा. उन्हाने जुनं झालेलं प्लास्टिक हाताला पांढरी भुकटी लावतं, अशी खुर्ची जड माणसाखाली अचानक मोडते. कायदा इथे गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम १५० प्रमाणे भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर ‘मला दोष माहीत नव्हता’ असं म्हणून मालकाची सुटका होत नाही.

उलट बाजूही त्याच कायद्यात आहे. घेणाऱ्याने दुसऱ्याची वस्तू, सुज्ञ माणूस स्वतःची सांभाळतो तितकी सांभाळायची. तेवढी काळजी घेऊनही वादळाने किंवा चोरीने नुकसान झालं, तर वेगळं काही ठरलेलं नसताना भरपाई त्याच्याकडे मागता येत नाही. पण कबूल केलेल्या वेळी सामान परत केलं नाही, तर त्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. दाट तिथीच्या दिवसांत तीच भांडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जायची असतात, त्यामुळे उशिराच्या दिवसाचं भाडं लावणं रास्त आहे. मात्र ‘एकही वस्तू कमी आली तर पूर्ण अनामत जप्त’ असं पावतीवर छापणं रास्त नाही. कलम ७४ नुसार करारात रक्कम लिहिलेली असली, तरी वाजवी भरपाईच मिळते, ती रक्कम फक्त वरची मर्यादा असते.

मंडप आणि साउंडचं गणित थोडं वेगळं असतं. कापडाला फटाक्यांच्या ठिणग्यांनी भोकं पडतात, ती भरपाई गिऱ्हाइकाची. पण ओलं कापड तसंच घडी करून ठेवल्याने बुरशीचे डाग पडले, तर ते दुकानाच्या माणसांचं काम. साउंडमध्ये स्पीकर जळतात ते पाहुण्यांनी ऑपरेटरला बाजूला सारून आवाज चढवल्यावर, म्हणून मिक्सरला ऑपरेटरखेरीज कुणी हात लावायचा नाही, ही अट आधीच सांगावी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीचे मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, घरच्या हळदीला ती लागू होईल असं धरू नये. परवानगी कुणी काढायची आणि पोलिसांनी सामान उचललं तर ते कुणी सोडवायचं, हेही पावतीवर लिहून घ्यावं.

कोकणातल्या कितीतरी वाड्यांत मंडळाची किंवा देवळाची सामाईक भांडी असतात, काही गावांत बचत गटांनीही असा संच घेतला आहे. भाडं नाममात्र, अनामत नाही, आणि हरवलं तर तसंच भांडं आणून द्यायचं, असा तिथला रिवाज. रिवाज चांगला आहे, फक्त ‘तसंच’ म्हणजे तेवढ्याच वजनाचं, हे वहीत लिहिलेलं हवं. नाहीतर जाड ताटाच्या जागी पत्र्यासारखं पातळ ताट येतं आणि दहा वर्षांत सगळा संच हलका होतो.

आणि वर आलेली ती दुसऱ्या दुकानाची दोन ताटं? ती दुकानदाराने बाजूला ठेवली, सामान पोचवायला त्या भागात टेम्पो गेला की मालकाला मिळतील. तुमच्याही घरच्या मांडणीत अनोळखी नावाचं एखादं ताट किंवा चमचा असेल, तर एकदा काठ पाहा आणि ज्याचं आहे त्याला पोचतं करा. कुणाची तरी अनामत त्यापायी कापली गेलेली असेल.