‘कितवी स्टेज?’ नव्हे, ‘कोणता प्रकार?’ – ब्लड कॅन्सरचा रिपोर्ट समजून घेताना

घरात कोणाला ब्लड कॅन्सर निघाला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, “कितवी स्टेज आहे?” स्तन किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये हा प्रश्न बरोबर आहे, कारण तिथे गाठ किती पसरली ते पाहतात. ल्युकेमिया मात्र रक्तातच असतो आणि रक्त सगळीकडे फिरतं. म्हणून इथे डॉक्टरांना दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत: अ‍ॅक्युट की क्रॉनिक? मायलॉइड की लिम्फॉइड?

दोन काल्पनिक पेशंट घेऊ. एक 8 वर्षांचा मुलगा आणि दुसरे 45 वर्षांचे गृहस्थ. दोघांच्याही पांढऱ्या पेशी 1,20,000 आहेत. नॉर्मल साधारण 4,000 ते 11,000. आकडा एकच, पण आजार अगदी वेगळे.

मुलाला पंधरा दिवसांपासून ताप आहे, पाय दुखतात, अंगावर निळे-लाल डाग उठलेत. हिमोग्लोबिन 6, प्लेटलेट 18,000. काचपट्टीवर 85 टक्के पेशी ‘ब्लास्ट’ दिसतात. ब्लास्ट म्हणजे कोवळी, अर्धवट पेशी. ती वाढते, पण मोठी होऊन काम करत नाही. हाडातल्या मगजात अशा पेशींनी जागा अडवली की लाल पेशी आणि प्लेटलेट तयारच होत नाहीत. मगजात ब्लास्ट साधारण 20 टक्क्यांच्या वर गेले की आजाराला अ‍ॅक्युट म्हणतात. इथे दिवस मोजावे लागतात.

गृहस्थांना मात्र फारसा त्रास नाही. थोडा थकवा येतो, डाव्या बरगडीखाली जड वाटतं, कारण प्लीहा वाढली आहे. प्लेटलेट 5 लाख. काचपट्टीवर कोवळ्यापासून पूर्ण वाढलेल्या पेशींपर्यंत सगळ्या पायऱ्या दिसतात आणि ब्लास्ट फक्त 2 टक्के. पेशी जास्त बनतात, पण मोठ्या होतात आणि बरंचसं काम करतात. म्हणून हा क्रॉनिक. म्हणजे क्रॉनिकचा अर्थ ‘जुना झालेला’ किंवा ‘शेवटचा’ असा नाही.

आता दुसरा प्रश्न. मगजात रक्तपेशींची दोन घराणी आहेत. मायलॉइड घराण्यातून लाल पेशी, प्लेटलेट आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात. लिम्फॉइड घराण्यातून बी आणि टी लिम्फोसाइट येतात. ब्लास्ट नुसते बघून घराणं नेहमी कळत नाही. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री ही तपासणी करतात. तिच्यात पेशीवरच्या खुणा ओळखल्या जातात.

मुलाचे ब्लास्ट बी-लिम्फॉइड निघाले, म्हणजे एएलएल. लहान मुलांत हाच प्रकार जास्त आढळतो आणि बहुतेक मुलं बरी होतात. पण उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. या पेशी मेंदूभोवती लपतात, म्हणून पाठीच्या कण्यातूनही औषध द्यावं लागतं. मोठ्यांत जास्त दिसणारा अ‍ॅक्युट प्रकार म्हणजे एएमएल. त्याच्या एपीएल या उपप्रकारात अचानक जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नुसता संशय आला तरी, पक्का रिपोर्ट येण्याआधीच एट्रा नावाचं औषध सुरू करतात.

गृहस्थांचा आजार सीएमएल. यात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हा बिघडलेला जीन तयार होतो. रक्ताच्या तपासणीत तो सापडतो. 2001 पासून त्यावर इमॅटिनिबची रोजची गोळी मिळते आणि ती घेत अनेकजण नोकरी-धंदा करत वर्षानुवर्षं जगतात. चौथा प्रकार सीएलएल. तो बहुधा उतारवयात होतो. त्यात वाढलेल्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट साचतात. त्रास नसेल तर डॉक्टर काही काळ औषध न देता फक्त तपासण्या करत राहतात. हा हलगर्जीपणा नाही. मात्र या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, म्हणून ताप आला तर अंगावर काढू नये.

चूक दोन ठिकाणी होते. मुलाच्या ताप-सांधेदुखीवर रक्त न तपासता स्टेरॉइड दिलं तर ब्लास्ट तात्पुरते कमी होतात, मूल बरं वाटतं, आणि खरं निदान लांबतं. दुसरी चूक सीएमएलमध्ये: “आता बरं आहे” म्हणून पेशंट स्वतःहून गोळी सोडतो. मग पेशी पुन्हा वाढतात आणि काहींमध्ये ब्लास्ट उसळून क्रॉनिकचा अ‍ॅक्युट होतो. हे नुसत्या तब्येतीवरून आधी कळत नाही. बीसीआर-एबीएलची पातळी दर तीन महिन्यांनी तपासली तर कळतं. ती खाली आली आणि तशीच राहिली की मग पुढची तपासणी किती दिवसांनी करायची, ते डॉक्टर ठरवतात.